डावं की उजवं? ॲनाटमीच्या व्हायव्हाआधी एका सीनिअरचं पत्र

मेडिकल कॉलेजमध्ये काही वस्तू विकत घेतल्या जातात त्याहून जास्त वेळा हातातून हातात जातात. हाडांचा ‘हाफ सेट’ त्यांपैकी एक. त्यात कवटी असते, मणके आणि बरगड्या असतात आणि हातापायांची एकाच बाजूची हाडं असतात. एमबीबीएसचं पहिलं वर्ष संपलं की सीनिअर आपली पेटी ज्युनिअरला देऊन टाकतात. महाराष्ट्रातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात तिसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या मुलीने आपली पेटी अशीच पुढे दिली, तेव्हा हाडांसोबत हाताने लिहिलेलं एक पत्रही ठेवलं. पत्राचा विषय एकच होता : ॲनाटमीची व्हायव्हा, म्हणजे शरीररचनाशास्त्राची तोंडी परीक्षा.

पहिल्या वर्षाच्या मुलांना या परीक्षेचा धसका का असतो, हे समजण्यासाठी तिचं रूप पाहायला हवं. लेखी पेपर वेगळे असतात आणि प्रात्यक्षिक वेगळं. त्या प्रात्यक्षिकाचाच एक भाग म्हणजे व्हायव्हा. एका टेबलावर हाडं मांडलेली असतात. दुसऱ्यावर फॉर्मॅलिनमध्ये टिकवलेले अवयव असतात आणि आणखी कुठे एक्स-रे किंवा गर्भाच्या वाढीची मॉडेल्स असतात. टेबलामागे बसलेल्या परीक्षकांपैकी काही त्याच कॉलेजचे, म्हणजे ‘इंटर्नल’, तर काही बाहेरच्या कॉलेजातून आलेले ‘एक्स्टर्नल’. प्रत्येक टेबलावर जेमतेम काही मिनिटं मिळतात.

लेखी पेपरात प्रश्न आधी छापलेले असतात. एखादं उत्तर अर्धवट आलं तरी विद्यार्थी पुढच्या प्रश्नाकडे वळू शकतो. व्हायव्हात पुढचा प्रश्न बहुतेक वेळा आधीच्या उत्तरातूनच निघतो. पत्र लिहिणाऱ्या मुलीचं सगळं सांगणं या एका फरकावर उभं आहे. पाठांतर दोन्ही परीक्षांना लागतं. पण तोंडी परीक्षेत उत्तरं एकामागून एक उलगडत जाणारी असावी लागतात आणि त्या साखळीचं पहिलं टोक हातातल्या वस्तूत असतं, असं ती लिहिते.

हाफ सेटमधला सापळा

पत्राची सुरुवातच एका इशाऱ्याने होते. पेटीतलं दंडाचं हाड, म्हणजे ह्युमरस, डाव्या हाताचं आहे. वर्षभर तेच हाड हाताळलं की डोळ्यांना त्याची सवय होते. परीक्षेच्या टेबलावर उजव्या बाजूचा ह्युमरस समोर आला की ओळखीचं हाड एकाएकी परकं वाटतं. मग घाईत ‘लेफ्ट’ असं उत्तर जातं, कारण ह्युमरस म्हटला की आठवणीत डावाच असतो. पहिलंच उत्तर चुकलं की विद्यार्थी पुढच्या प्रश्नांना बिचकत सामोरा जातो.

यावरचा तिचा उपाय साधा आहे. हाड कसं दिसतं ते लक्षात ठेवायचं नाही, ते शरीरात कसं बसतं ते ठरवायचं. त्यासाठी प्रत्येक हाडाला तीन प्रश्न विचारायचे. वरचं टोक कोणतं? पुढची बाजू कोणती? आतली, म्हणजे शरीराच्या मधल्या रेषेकडची बाजू कोणती? या तिन्हींची उत्तरं मिळाली की डावं-उजवं आपोआप ठरतं, मग ते हाड पूर्वी पाहिलेलं असो वा नसो.

ह्युमरसवर हे करून पाहू. एका टोकाला अर्ध्या चेंडूसारखा गुळगुळीत गोलवा असतो, तो खांद्याच्या सांध्यात बसतो. हे वरचं टोक. खालच्या टोकाला एका बाजूने खोलगट खड्डा असतो. कोपर सरळ केलं की पुढच्या हातातल्या हाडाचं टोक त्यात शिरतं. या खड्ड्याला ऑलेक्रॅनॉन फोसा म्हणतात आणि तो नेहमी मागे असतो. वरच्या टोकाला पुढून दोन उंचवटे आणि त्यांच्यामध्ये एक उभी खाच दिसते. त्या खाचेवरून पुढची बाजू पुन्हा पक्की होते. वरचा गोलवा आतल्या बाजूला, शरीराकडे तोंड करून असतो. गोलवा वर, खड्डा मागे आणि गोलव्याचं तोंड आपल्या छातीकडे अशा रीतीने हाड धरलं की ते ज्या दंडाला लागून बसेल, त्याच बाजूचं असतं.

परीक्षकाला मात्र ‘राइट ह्युमरस’ एवढंच ऐकायचं नसतं. त्याला कारण हवं असतं. म्हणून हाड हातात आल्यावर ते आधी आपल्या शरीराशी जुळवून धरावं, मग बाजू सांगावी आणि लगेच तिन्ही खुणा बोट ठेवून दाखवाव्यात, असा क्रम पत्रात सांगितला आहे. हाड उलटं धरून बरोबर बाजू सांगितली, तर ती अटकळ समजली जाते. हाड नीट धरून चुकीचा शब्द तोंडून गेला, तर बहुतेक परीक्षक ‘पुन्हा बघ’ म्हणतात, कारण विचार बरोबर आहे हे त्यांना दिसत असतं.

हाफ सेटची उणीव भरून काढायला तिने दोन वाटा सुचवल्या आहेत. ज्याच्या पेटीत दुसऱ्या बाजूची हाडं आहेत अशा वर्गमित्राशी आठवडाभर पेटी बदलायची. ते जमत नसेल तर आरशासमोर बसायचं. डाव्या हाडाचं आरशातलं प्रतिबिंब म्हणजे उजवं हाड. आरशातल्या हाडाची बाजू ठरवता आली, तर खुणा खरोखर समजल्या आहेत. ती ठरवताना गोंधळ होत असेल, तर अजून आकारच पाठ आहे.

एका खाचेतून निघालेले प्रश्न

पत्राचा सर्वांत मोठा भाग एका कल्पित व्हायव्हाने व्यापला आहे. परीक्षक ह्युमरसच्या मागच्या बाजूला मधोमध असलेल्या तिरक्या, उथळ खाचेवर बोट ठेवतो आणि विचारतो, “हे काय?”

उत्तर : स्पायरल ग्रूव्ह. यातून काय जातं? रेडियल नर्व्ह आणि तिच्यासोबत प्रोफुंडा ब्रेकाय नावाची रोहिणी. इथपर्यंत पाठांतर पुरतं. मग परीक्षक हाडाच्या मधोमध आडवं बोट ठेवून विचारतो, “इथे फ्रॅक्चर झालं तर पेशंटमध्ये काय दिसेल?”

रेडियल नर्व्ह मनगट आणि बोटं मागे उचलणाऱ्या स्नायूंना चालवते. खाचेत ती हाडाला अगदी लागून असते, म्हणून हाड मोडलं की तिला इजा होऊ शकते. तसं झालं तर रुग्णाने हात पुढे धरल्यावर मनगट खाली लोंबतं. याला रिस्ट ड्रॉप म्हणतात. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या भागात, हाताच्या मागच्या बाजूला, स्पर्श कमी जाणवतो. हे उत्तर दिल्यावर बऱ्याच मुलांना वाटतं की आता सुटलो. खरा प्रश्न त्यानंतर येतो : “त्याला कोपर सरळ करता येईल का?”

कोपर सरळ करणारा स्नायू ट्रायसेप्स. त्यालाही रेडियल नर्व्हच चालवते. म्हणून पटकन सुचणारं उत्तर ‘नाही’ असं असतं आणि ते चुकतं. कारण ट्रायसेप्सकडे जाणाऱ्या काही शाखा नर्व्ह खाचेत शिरण्याआधीच, वर काखेत फुटलेल्या असतात. खाचेतल्या इजेचा त्यांना धक्का लागत नाही. कोपर थोडं अशक्त वाटलं तरी सरळ होतं. म्हणजे रुग्णाला फक्त दोन हालचाली करायला सांगून इजा कुठे आहे याचा अंदाज बांधता येतो. मनगट लोंबतंय आणि कोपर सरळ होतंय, तर इजा खाचेच्या आसपास. दोन्ही जमत नाहीत, तर इजा त्याहून वर, काखेत. कुबडी काखेत फार दाबली गेल्यावर असं होऊ शकतं.

याच जागी परीक्षक आणखी एक पाऊल पुढे जाऊ शकतो. “मूठ आवळायला सांगितली तर?” मूठ आवळणारे स्नायू मिडियन आणि अल्नार या दुसऱ्याच दोन नर्व्ह चालवतात आणि त्या शाबूत आहेत. तरीही या रुग्णाची पकड कमजोर निघते. याचं कारण कोणालाही स्वतःच्या हातावर पडताळता येईल. मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवून मूठ घट्ट आवळून पाहावी. जोर लागत नाही. बोटं वाकवणाऱ्या स्नायूंचे लांब कंडरे मनगटावरून जातात. मनगट थोडं मागे उचललेलं असेल तरच त्यांना ओढायला पुरेसा वाव मिळतो. मनगट उचलणारे स्नायू बंद पडले की चांगल्या स्नायूंचाही जोर वाया जातो.

पत्रलेखिकेने हे उदाहरण निवडण्यामागे कारण आहे. ‘रेडियल नर्व्ह, रिस्ट ड्रॉप’ ही जोडी प्रत्येक गाइडमध्ये असते आणि सगळ्यांना येते. कोपराचा आणि मुठीचा प्रश्न मात्र पाठ करून येत नाही, कारण त्यासाठी नर्व्हचा पूर्ण मार्ग डोळ्यांसमोर असावा लागतो : ती कुठून निघते, कुठे शाखा देते आणि हाडाला कुठे चिकटते. म्हणून तिने ज्युनिअरला एक काम दिलं आहे. नर्व्ह वाचताना फक्त शेवटची यादी वाचायची नाही. हाडावर पेन्सिल टेकवून तिचा मार्ग वरून खाली फिरवायचा आणि प्रत्येक शाखेपाशी थांबून ‘इथे तुटली तर काय उरेल आणि काय जाईल?’ असं मोठ्याने विचारायचं. ह्युमरसवर अशा आणखी दोन जागा आहेत. वरच्या टोकाखालच्या निमुळत्या भागाला वळसा घालून ॲक्सिलरी नर्व्ह जाते. तिथे इजा झाली तर हात बाजूला वर उचलायला जड जातो. कोपराच्या आतल्या हाडाळ उंचवट्यामागून अल्नार नर्व्ह जाते. कोपर टेबलाच्या कडेवर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात त्या तिच्याच. एका हाडावर तीन नर्व्ह आणि प्रत्येकीचा एक रुग्ण, इतकं नीट तयार असलं की ह्युमरसवरचे बरेचसे प्रश्न त्याच्या आत येतात, असं तिचं म्हणणं आहे.

शेवटी उच्चारलेला शब्द

दुसरा मोठा सल्ला बोलण्याच्या पद्धतीबद्दल आहे. विद्यार्थी उत्तराच्या शेवटी जो शब्द उच्चारतो, तो परीक्षक पुष्कळदा उचलून धरतो. ह्युमरसच्या वरच्या टोकाजवळच्या उभ्या खाचेला काय जोडलेलं असतं, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे : बाहेरच्या कडेला पेक्टोरॅलिस मेजर, आतल्या कडेला टेरिस मेजर आणि तळाला लॅटिसिमस डॉर्साय. इथे उत्तर संपतं. पण शांतता नको म्हणून कोणी पुढे ‘आणि इथे खाली न्यूट्रिएंट फोरामेन आहे’ असं जोडलं, की विषय बदलतो.

न्यूट्रिएंट फोरामेन म्हणजे हाडात रक्तवाहिनी शिरण्याचं बारीक छिद्र. ह्युमरसमध्ये ते तिरकं, कोपराच्या दिशेने उतरतं. परीक्षक विचारतो, ‘दिशा का महत्त्वाची?’ मग सांगावं लागतं की हाडाचं वाढतं टोक छिद्राच्या दिशेच्या उलट असतं. ह्युमरसची बहुतेक लांबी खांद्याकडच्या टोकातून वाढते आणि ते टोक खालच्या टोकापेक्षा उशिरा हाडाला पक्कं जुळतं. ज्याला हे माहीत आहे त्याने हा शब्द जरूर उच्चारावा, कारण प्रश्न त्याच्या ओळखीच्या वाटेवर येतो. ज्याने तो नुसता कानावरून ऐकलेला आहे, त्याने तिसऱ्या स्नायूच्या नावापाशी थांबावं.

आपण किती बोलतो हे विद्यार्थ्याला स्वतःला कळत नाही. म्हणून पत्रात जोडीने अभ्यास करण्याची रीत दिली आहे. एकाने पेटीत हात घालून न बघता हाड काढून द्यायचं आणि दुसऱ्याने बोलायचं. ऐकणाऱ्याने प्रत्येक उत्तरातला शेवटचा शब्द कागदावर टिपायचा आणि तोच पुढचा प्रश्न करायचा. उत्तर देणारा ज्या शब्दाशी अडखळेल, त्याच्याभोवती वर्तुळ काढायचं. संध्याकाळी पुस्तक उघडायचं ते या वर्तुळांसाठी. ‘बीडीसी’, म्हणजे बी. डी. चौरसिया यांचं मुलांच्या रोजच्या वापरातलं पुस्तक, पहिल्या पानापासून पुन्हा वाचत बसण्यापेक्षा याने अभ्यासातली भोकं नेमकी दिसतात.

मोठ्याने बोलण्याचा आणखी एक हेतू आहे. गावाकडून, मराठी माध्यमातून आलेल्या अनेक मुलांना इंग्रजी वाचता येतं, लिहिता येतं. पण पूर्ण वाक्य तोंडातून काढण्याची सवय नसते. व्हायव्हात ती मुलं माहिती असूनही तुटक शब्द बोलतात आणि परीक्षकाला वाटतं की विषय कच्चा आहे. पत्रात त्यांच्यासाठी सोपी सोय आहे. प्रत्येक हाडाची पहिली चार वाक्यं इंग्रजीत लिहून ती हाड हातात धरून म्हणायची : हे कोणतं हाड, कोणत्या बाजूचं, कशावरून आणि शेजारी काय आहे. चार वाक्यं सुरळीत गेली की जिभेला वळण लागतं आणि पुढचं कमी अडतं. शब्द अचूक उच्चारणंही याच सरावात बसतं, कारण एखादं नाव फक्त डोळ्यांनी वाचलेलं असेल तर ते ऐन वेळी तोंडात अडकतं.

फुप्फुसाच्या टेबलावर

हाडांसाठी सांगितलेले तीन प्रश्न अवयवांनाही चालतात, हे पत्रात फुप्फुसावरून दाखवलं आहे. निमुळतं टोक वर. पातळ, धारदार कड पुढे. रक्तवाहिन्या आणि श्वासनलिका शिरतात तो भाग, म्हणजे हायलम, आत. यावरून बाजू ठरते. बरीच मुलं मात्र दुसरा रस्ता धरतात. उजव्या फुप्फुसाला तीन लोब आणि डाव्याला दोन हे शाळेपासून माहीत असल्याने ती फटी मोजतात. इथे घात होतो. उजव्या फुप्फुसावरची आडवी फट कित्येकदा अर्धवट असते, कधी नसतेच. ज्याने फटीवर भिस्त ठेवली तो अशा उजव्या फुप्फुसाला डावं म्हणून मोकळा होतो.

हायलम जास्त भरवशाचं आहे. उजव्या बाजूला श्वासनलिकेची एक शाखा आत शिरण्याआधीच फुटलेली असते, म्हणून हायलममध्ये बहुधा दोन नळ्या दिसतात. डाव्या बाजूला एकच असते आणि तिच्यावर फुप्फुसाकडे जाणारी मोठी रोहिणी असते. शिवाय डाव्या फुप्फुसावर, हायलमच्या वरून वळून मागे खाली उतरणारी एक रुंद खाच दिसते. महाधमनी तिथे टेकल्याची ती खूण असते. त्यामुळे फटी मोजून सांगितलेली बाजू हायलमवर पडताळून घ्यायची आणि दोन्ही जुळत नसतील तर हायलमचं ऐकायचं.

खुणा दाखवताना चिमट्याचं टोक किंवा पेन्सिल वापरावी, अशी एक बारीक सूचनाही आहे. हायलममध्ये सगळं दाटीवाटीने असतं. बोट ठेवलं की त्याखाली तीन गोष्टी झाकल्या जातात आणि विद्यार्थ्याला नेमकी कोणती दाखवायची होती हे परीक्षकाला कळत नाही. फॉर्मॅलिनमध्ये राहिलेल्या अवयवात रोहिणी आणि नीला रंगावरून वेगळ्या ओळखता येत नाहीत. पुस्तकातले लाल-निळे रंग तिथे नसतात. नळीची भिंत जाड आहे की पातळ, तीत कूर्चा लागते का हे हलकेच चाचपून ठरवावं लागतं. कूर्चा लागली तर ती श्वासनलिका. ही गोष्ट चित्रावरून शिकता येत नाही. म्हणून डिसेक्शन हॉलमध्ये, मुलांच्या भाषेत ‘डीएच’मध्ये, परीक्षेआधीचे मोकळे तास घालवायला तिने सांगितलं आहे.

शेवटची संध्याकाळ

उत्तर येत नसेल तेव्हा काय करायचं, याबद्दल पत्र थोडक्यात बोलतं. काही सेकंद हाडाकडे पाहून विचार करायला हरकत नाही. त्यानंतरही सुचलं नाही तर ‘सर, हे मला आठवत नाही’ असं स्पष्ट म्हणावं. परीक्षक प्रश्न बदलतो. अंदाजाने एखादं नाव फेकलं तर तो त्याच नावावर राहतो आणि हाताशी असलेली मिनिटं तिथेच संपतात.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी पाहायला तिने एकच हाड निवडलं आहे : गळ्याजवळचं, म्हणजे क्लॅव्हिकल. दिसायला साधं असलं तरी बाजू ठरवताना मुलं यात सर्वाधिक गोंधळतात. बाहेरचं टोक चपटं असतं, आतलं जाड. आतल्या बाजूचा दोन तृतीयांश भाग पुढे फुगलेला आणि बाहेरचा एक तृतीयांश मागे वळलेला असतो. वरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि खालच्या पृष्ठभागावर लांबट खाच असते. चपटं टोक बाहेर, फुगीर भाग पुढे, खाच खाली. इतकं जुळलं की बाजू मिळते.

फुगीर भाग संपून हाड जिथे उलटं वळतं, तिथेच ते बहुधा मोडतं, म्हणून पुढचा प्रश्न फ्रॅक्चरवर येतो. हाड तुटलं की त्याचा बाहेरचा तुकडा हाताच्या वजनाने खाली येतो आणि आतला तुकडा मानेचा स्नायू वर ओढतो. अशा रुग्णाकडे पाहूनच काही सांगता येईल का, असं परीक्षक विचारू शकतो. रुग्ण दुखऱ्या बाजूचं कोपर दुसऱ्या हाताने उचलून धरतो, कारण तेवढं वजन उचललं की तुटलेल्या टोकांवरची ओढ कमी होते, हे त्याचं उत्तर ज्युनिअरने संध्याकाळी एकदा हाड हातात घेऊन मोठ्याने म्हणून ठेवावं आणि मग पेटी बंद करावी.